डब्यातली गांडुळं झाकणावर का चढतात

"तीन आठवड्यांपूर्वी बाल्कनीत गांडूळखताचा डबा सुरू केला. झाकणाचा ४० लिटरचा प्लास्टिकचा डबा, अर्धा किलो लाल गांडुळं, तळाशी वर्तमानपत्राचे दोन-तीन थर. आम्ही घरात चौघं, रोज साधारण ६०० ग्रॅम सालं-देठं निघतात, ती सगळी टाकतो. आता आंबूस-कुजकट वास येतोय, गांडुळं झाकणाच्या आतल्या बाजूला गोळा झालीत, काही फरशीवर वाळून मेलेली सापडली. शेजारी म्हणतात चुना टाका. वाचतील का ही? की नवी आणून पुन्हा सुरू करू?"

चुना टाकू नका. आणि हे वाचून झालं की पहिलं काम म्हणजे झाकण काढून बाजूला ठेवा.

चुन्याचं आधी सांगतो, कारण हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि उरलीसुरली गांडुळं त्यानेच जातात. ओला कचरा कुजताना त्यातला नायट्रोजन अमोनियमच्या रूपात पाण्यात विरघळलेला असतो. डबा आंबट आहे तोवर तो बराचसा तसाच राहतो. विरलेला चुना पडला की आंबटपणा एका झटक्यात उतरतो आणि त्याच अमोनियमचा अमोनिया वायू होतो. गांडुळांना हा वायू अगदी थोडाही सोसत नाही. शिवाय चुना ओल्या कातडीला भाजतो तो वेगळाच. आंबटपणा कमी करायला अंड्याच्या कवचांची बारीक पूड चालते. ती इतकी हळू विरघळते की एकदम काही बिघडत नाही. पण तुमच्या डब्यात आंबटपणा हा मूळ रोग नाहीच, त्यामुळे सध्या तीही नको.

आता मूळ रोग. गांडुळाला फुप्फुसं नसतात, ते कातडीवाटे श्वास घेतं. कातडीवरच्या पातळ ओलाव्यात हवेतला प्राणवायू विरघळतो आणि तिथून रक्तात जातो. म्हणून कातडी वाळली की ते गुदमरतं. तुमच्या फरशीवर सापडली ती अशी गेली. उलट नुसत्या पाण्याने ते सहसा मरत नाही; हवा खेळती असलेल्या स्वच्छ पाण्यात गांडूळ बराच काळ जगतं. तुमच्या डब्यातल्या पाण्यात मात्र प्राणवायूच उरलेला नाही, कारण कुजवणाऱ्या जिवाणूंनी तो संपवलाय. प्राणवायू संपला की त्याच्याशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. तो आंबूस वास त्यांचा. गांडुळं झाकणाला चिकटलीत, कारण सगळ्या डब्यात श्वास घेण्याजोगी ओली जागा तेवढी एकच आहे.

हे इतकं लवकर कसं झालं, ते तुमच्याच आकड्यांतून दिसतं. २१ दिवस रोज ६०० ग्रॅम म्हणजे १२.६ किलो कचरा. भाज्या-फळांच्या सालांत ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. म्हणजे तुम्ही डब्यात जवळजवळ पावणेअकरा लिटर पाणी ओतलंत, तेही झाकण लावून, आणि ते शोषायला तळाशी वर्तमानपत्राचे दोन-तीन थर. ते पाणी गेलं कुठे? कुठेच नाही.

दुसरा हिशेब खाण्याचा. "गांडुळं रोज आपल्या वजनाच्या निम्मं खातात" हे वाक्य तुम्ही वाचलं असणार. ते खोटं नाही, पण ते महिनोन् महिने रुळलेल्या, उबदार, जिवाणूंनी भरलेल्या डब्याचं आहे. पिशवीतून नुकत्याच आलेल्या गांडुळांना पहिला महिना वजनाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याहून जास्त झेपत नाही. तुमच्या अर्ध्या किलोला रोज १०० ते १२५ ग्रॅम पुरे होतं. तीन आठवड्यांत त्यांनी फार तर अडीच किलो संपवलं असेल. उरलेला दहा किलो कचरा गांडुळांविना, हवेविना आपला आपण सडतोय.

आणि एक गोष्ट, जी समजली की पुढचं सगळं सोपं होतं: गांडूळ ताजं साल खात नाही. त्याला दात नसतात. सालावर बुरशी आणि जिवाणू वाढतात, साल मऊ पडतं, मग ते हा मऊ लगदा त्या जिवाणूंसकट गिळतं. आपण घालतो तो कचरा प्रत्यक्षात जिवाणूंचा असतो, गांडुळं त्यांच्या मागून जेवतात. त्यामुळे "डब्यात जागा आहे" म्हणून अजून घालणं म्हणजे मागची पंगत उठायच्या आत पुढचं वाढणं.

आता आज रात्रीचं काम.

बाल्कनीत सावलीत एक मोठा प्लास्टिकचा कागद पसरा आणि डबा त्यावर हलक्या हाताने पालथा करा. हातमोजे घाला, वास येईल. ढिगाचे तीन भाग दिसतील. तळाचा काळपट, चिकट, घाण वासाचा लगदा हा टाकायचा भाग. मधला अर्धवट कुजलेला कचरा, तोही बाजूला काढायचा. आणि वरचा किंवा कडेचा थोडासा भाग, ज्याला अजून मातीसारखा वास येतो. तो शेवटचा ओंजळभर जपून ठेवा, त्यात चांगले जिवाणू आहेत. गांडुळं हाताने वेचा. जी हलतात, लाल-तपकिरी आहेत, बोट लागताच आक्रसतात, ती ठीक आहेत. फिकट पडलेली, लिबलिबीत, अंगावर गाठी आलेली बहुतेक जगणार नाहीत. मेलेल्यांची मोजदाद करू नका, कारण गांडूळ मेलं की लगेच विरघळून जातं आणि दिसतात त्याहून जास्त गेलेली असतात. वेचलेल्या जिवंत गांडुळांना नळाखाली धुवत बसायचीही गरज नाही, नवं अंथरूण ते काम करतं.

अंथरूण म्हणजे गांडुळं जिथे राहतात तो भाग. तुमचा डबा बिघडायला जितकं जास्त खाणं कारण आहे, तितकंच नसलेलं अंथरूण. माझा अनुभव असा, की नवशिके खाण्याबद्दल शंभर प्रश्न विचारतात आणि अंथरुणाबद्दल एकही नाही. वास्तविक डब्याचा मोठा भाग अंथरूणच असायला हवा. ते पाणी शोषतं, हवेला पोकळ्या ठेवतं, आणि खाणं बिघडलं तर गांडुळांना पळून जायला सुरक्षित जागा देतं. पुढे तेही हळूहळू खाल्लं जातं.

माझी पहिली पसंती खोक्यांच्या नालीदार पुठ्ठ्याला. चिकटपट्टी आणि गुळगुळीत छपाईचे भाग काढून त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडायच्या. त्यातल्या नळ्यांमध्ये हवा टिकते, आणि गांडुळं तिथे घुसून अंड्यांचे कोष घालतात. नुसतं वर्तमानपत्र ओलं झालं की एकमेकांना चिकटून बसतं, दोन थरांमध्ये हवा जात नाही. तुमच्या तळाशी तेच झालंय. वापरायचंच तर बारीक फाडून पुठ्ठ्यात मिसळा. नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, पाणी छान धरतो, पण काही विटांमध्ये क्षार फार असतात. भिजवून पिळून ते पहिलं पाणी फेकायचं, मग पुन्हा भिजवायचं. वाळलेला पाला चालतो, मात्र चुरडून. शेण वापरणार असाल तर जुनं, थंड झालेलं, वास गेलेलं. ताजं शेण तापतं आणि त्यातून अमोनिया सुटतो.

तुमच्या डब्यासाठी प्रमाण: साधारण ६०० ग्रॅम पुठ्ठ्याच्या पट्ट्या, ३०० ग्रॅम सुकं कोकोपीट, १०० ग्रॅम चुरडलेला पाला. एकूण एक किलो कोरडं. वजनाच्या मानाने हा ढीग खूप मोठा दिसेल, घाबरू नका, भिजला की बसतो. याला तीन लिटरच्या आसपास पाणी. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर रात्रभर उघडं ठेवलेलं घ्या. खरं तर अंथरूण आदल्या दिवशी भिजवावं, पण आज तेवढा वेळ नाही. तासभर भिजवून पिळून घ्या. त्यात ती जपलेली ओंजळ मिसळा आणि दोन चिमूट बारीक वाळू घाला. गांडुळाच्या अंगात दळायला जातं असतं, त्याला खडे लागतात.

तोवर डब्याला भोकं पाडा. तळाला पाच-सहा मिलिमीटरची पंधरा-वीस, कडांना वरच्या बाजूला तितकीच. डबा चार विटांवर उचलून ठेवा, खाली ताटली. तळ जमिनीला टेकला की भोकं असून नसल्यासारखी. झाकण कायमचं निवृत्त करा आणि त्याऐवजी ओलसर गोणपाट किंवा पुठ्ठ्याचा तुकडा थेट अंथरुणावर पसरा. झाकणामुळे वाफ आतच साठते, थेंब होऊन परत खाली पडते, आणि तुम्हाला वाटतं मी तर पाणी घातलंच नाही.

अंथरूण १५ सेंटिमीटर भरा, गांडुळं वर सोडा आणि दिवा लावून ठेवा. उजेड त्यांना नकोसा असतो, दहा-पंधरा मिनिटांत बहुतेक खाली जातील. जी वरच राहिली ती आजारी आहेत, ती काढून टाका. दिवा दोन-तीन रात्री चालू ठेवा. नव्या घरात पहिल्या रात्री फिरायला निघणं हा त्यांचा स्वभाव आहे, एरवी काही बिघडलेलं नसतानाही. तिसऱ्या रात्रीनंतरही निघत असतील तर मात्र अंथरुणातच दोष आहे, बहुधा कोकोपीटमधले क्षार.

आणि पुढचे सात दिवस काहीही खायला घालू नका. उपाशी मरणार नाहीत. भिजलेला पुठ्ठा हेही अन्नच आहे.

आठवड्यानंतर सुरुवात. एका कोपऱ्यात खड्डा करा, त्यात २०० ग्रॅम बारीक चिरलेली सालं, त्यावर मूठभर कोरड्या पट्ट्या, मग अंथरूण ओढून घ्या. तीन दिवसांनी उकरून पाहा. साल ओळखू येत नाही आणि तिथे गांडुळांचा गुंता दिसतोय, तर शेजारच्या कोपऱ्यात पुढचं खाणं. साल जसंच्या तसं असेल तर अजून दोन दिवस थांबा. घड्याळाच्या काट्यासारखे चारी कोपरे फिरत राहा. मी दिवस मोजत नाही, मागचा कोपरा बघतो. थंडीत त्याच डब्याला आठवडा लागतो, उबेत दोन दिवस.

सालं आधी गोठवून मग पूर्ण वितळवून घातली तर काम खूप लवकर होतं. बर्फामुळे पेशी फुटतात, साल मऊ पडतं, आणि चिलटांची अंडीही बरीचशी मरतात. वितळताना सुटलेलं पाणी मात्र डब्यात ओतायचं नाही.

खाण्याबरोबर कोरडा कागद किती घालायचा, याचा हिशेब एकदा समजून घ्या, मग अंदाज आपोआप येतो. एक किलो सालांत साधारण ८५० ग्रॅम पाणी आणि १५० ग्रॅम घन भाग. डब्याला हवा ७५ टक्क्यांच्या आसपास ओलावा, म्हणजे एक भाग कोरड्याला तीन भाग पाणी. ८५० ग्रॅम पाण्याला २८० ग्रॅमच्या वर कोरडा भाग लागतो. १५० सालांतच आहे, उरलेला १३० तुम्ही घालायचा. शिवाय कुजताना सालांतला घन भाग वायू होऊन उडतो आणि पाणी मागे राहतं, म्हणून प्रत्यक्षात १५० ते २०० ग्रॅम घातलेलं बरं. आकारात सांगायचं तर जितकी सालं, निदान तितक्याच फाडलेल्या पट्ट्या. रोज वजनकाटा काढायची गरज नाही.

आता एक कडू गोष्ट. तुमच्या डब्याचं तोंड साधारण ५० बाय ३५ सेंटिमीटर असेल, म्हणजे ०.१७५ चौरस मीटर. ही गांडुळं पृष्ठभागालगत राहणारी आहेत, वरच्या १५-२० सेंटिमीटरमध्येच त्यांचा संसार. म्हणून डब्याची उंची कामाची नाही, क्षेत्रफळ कामाचं. एका चौरस मीटरमध्ये पाच किलो म्हणजे भरगच्च वस्ती. तुमच्या डब्यात त्या मानाने जास्तीत जास्त ९०० ग्रॅम गांडुळं राहू शकतील, आणि निम्म्या वजनाचा तो आदर्श आकडा सोडून, ऊन-थंडी धरून, पूर्ण रुळल्यावर ती रोज ३०० ग्रॅमच्या आसपास संपवतील. ६०० नाही. हा डबा तुमच्या घरचा सगळा कचरा कधीच घेणार नाही. एक तर पुढे दुसरा, पसरट डबा जोडा, किंवा निम्मा कचरा दुसरीकडे द्या. दोन डबे असण्याचा आणखी एक फायदा असा की एक बिघडला तर दुसऱ्यातून बी मिळतं.

ओलावा कसा तपासायचा? मूठभर अंथरूण घ्या, घट्ट दाबा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसले तर उत्तम. धार लागली तर जास्त ओलं. थेंबच नाही आणि मूठ उघडल्यावर गोळा सुटून पडला तर कोरडं. ही परीक्षा सगळ्यांना माहीत असते. पण बहुतेक लोक मूठ वरून घेतात, तिथेच फसतात. वरचा थर वाऱ्याने सुकलेला असतो आणि त्याच वेळी तळाला चिखल असू शकतो. वर कोरडं दिसलं म्हणून पाणी शिंपडायचं, ते सरळ खाली उतरतं, आणि महिन्याभराने तळाला हवा उरत नाही. मूठ मधून घ्या आणि दुसरी तळाच्या कोपऱ्यातून. वर कोरडं, मध्ये ठीक, तळाला ओलं असेल तर पाणी घालू नका. नुसतं हातखुरप्याने तळ हलकेच सैल करा आणि कोरड्या पट्ट्या खाली सरकवा. सगळा डबा ढवळून काढायचा नाही, त्याने जिवाणू, कोष, सगळंच विस्कटतं.

उन्हाळ्यात उघड्या डब्याचा वरचा भाग खरोखरच सुकतो. तेव्हा गोणपाट ओला करत राहा, अंथरुणावर पाणी ओतू नका. मुंग्या दिसू लागल्या तर समजा डबा कोरडा पडलाय. विटांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा आणि ओलावा वाढवा, त्या आपोआप जातात.

उष्णतेबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण बाल्कनीत डबे सर्वांत जास्त त्यानेच मरतात. लाल गांडूळ, ज्याचं शास्त्रीय नाव आयसेनिया फेटिडा, त्याला १५ ते २५ अंश सेल्सिअस सुखाचं. ३०च्या वर ते खाणं कमी करतं, ३५च्या पुढे मरायला लागतं. तुमची गांडुळं पेन्सिलीएवढी जाड आणि वीतभर लांब, जांभळट झाक असलेली असतील तर ती बहुधा युड्रिलस युजेनी. ती उबेला जरा जास्त सोशीक, पण थंडीत पटकन आजारी पडते. दोघांनाही उन्हात तापलेला डबा नको. लक्षात घ्या, हे तापमान हवेचं नाही, अंथरुणाचं आहे. ओला, हवेशीर डबा बाष्पीभवनामुळे हवेपेक्षा दोन-चार अंशांनी थंड राहू शकतो. बंद डबा मात्र उन्हात हवेपेक्षा खूप तापतो. दुपारनंतर ऊन येणारी भिंत रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते, म्हणून डबा भिंतीला टेकवू नका. मी एक साधा काडीचा तापमापक कायम मध्यभागी खोचून ठेवतो.

आणि उष्णता फक्त बाहेरून येत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा एका रुळलेल्या डब्यात नुकतीच कापलेली हिरवळ ओतली होती. तीन-चार किलो असेल, छान मऊ, हिरवी, मला वाटलं मेजवानी. दुसऱ्या दिवशी सकाळी हात घातला तर ढीग गरम पाण्यासारखा, आणि दोन वर्षं वाढवलेली गांडुळं एका कोपऱ्यात गोळा होऊन विरघळत होती. ताज्या हिरव्या गोष्टीचा जाड थर स्वतःच तापतो, कुठल्याही कंपोस्टच्या ढिगासारखा. तेव्हापासून कुठलंही खाणं दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जाड थरात नाही, आणि कधीही पूर्ण पृष्ठभागावर नाही. निम्मा डबा रिकामा असला की गांडुळांना निदान तिकडे जाता येतं. फार तापलंच तर पाणी गोठवलेली बाटली गोणपाटावर आडवी ठेवा, किंवा आठवडाभर डबा घरात घ्या. नीट चालणाऱ्या डब्याला घरात ठेवण्याइतकाही वास नसतो.

काय घालायचं नाही, ते थोडक्यात. शिजवलेलं, खारट, तेलकट नको. मांस-मासे, दूध-दही नको. लिंबूवर्गीय सालं आणि कांदा-लसूण विष नव्हेत, पण छोट्या डब्यात जास्त झाले की गांडुळं त्या कोपऱ्याकडे फिरकत नाहीत. चिमूटभर चालतात. धोका खरा आहे तो पिठाचा, पावाचा, भाताचा, डाळीचा. हे पटकन आंबतं, आणि त्यात प्रथिनं असली की आणखी वाईट. गांडुळाच्या अंगावर मण्यांची माळ ओवल्यासारख्या गाठी आलेल्या दिसल्या, तर ती याचीच खूण. आतलं अन्न आंबून वायू होतो. त्याला औषध नाही. वाचलेल्यांना ताज्या अंथरुणात हलवायचं, इतकंच. वर मी गाठी आलेली गांडुळं बाजूला काढायला सांगितली ती म्हणूनच. मागच्या तीन आठवड्यांत असं काही घातलं होतं का, आठवून बघा.

डब्यात इतर जीव दिसतीलच. बारीक पांढऱ्या, टणकन उडणाऱ्या किड्यांना स्प्रिंगटेल म्हणतात, निरुपद्रवी. पांढरे, धाग्यासारखे, सेंटिमीटरभराचे किडे ही गांडुळाची पिल्लं नव्हेत. ते पॉटवर्म, आणि त्यांचा सुळसुळाट म्हणजे डबा आंबट आणि ओला आहे. पिल्लं जन्मतः फिकट असली तरी त्यांच्यात लालसर रेघ दिसते. तपकिरी चकचकीत माइट खूप झाले तर ओलं, रसाळ खाणं थांबवा. चिलटं आली तर खाणं उघडं राहिलंय. जाडजूड, राखाडी, खवल्याखवल्यांच्या अळ्या या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. त्या गांडुळांना खात नाहीत, पण त्यांचं खाणं फस्त करतात आणि डबा तापवतात. चिमट्याने वेचा.

ताटलीत साठणारं काळं पाणी खत म्हणून साठवू नका. ते व्हर्मीवॉश नव्हे. व्हर्मीवॉश म्हणजे तयार, निरोगी थरातून स्वच्छ पाणी झिरपवून मिळवलेला द्रव. ताटलीतलं पाणी अर्धवट कुजलेल्या कचऱ्याचा निचरा आहे. आंबट वास येत असेल तर ओतून द्या. वास नसेल तर दहापट पाणी मिसळून शोभेच्या झाडांच्या मुळाशी घाला, खायच्या पालेभाजीवर नको. मुळात डबा जमला की ताटली जवळजवळ कोरडीच राहते. ती भरत असेल तर कागद कमी पडतोय.

टाकायचा म्हणून बाजूला काढलेला लगदा आणि अर्धवट कचरा वाया घालवू नका. त्याच्या तिप्पट वाळलेला पाला मिसळून वेगळ्या भोकांच्या बादलीत भरा आणि दर दोन दिवसांनी हलवा. तीन-चार आठवड्यांत वास जाईल. त्यात तुमचे कोषही असणार, तिथून काही पिल्लं निघालीच तर उचलून डब्यात सोडा.

राहिला शेवटचा प्रश्न, नवी आणायची का. लगेच नाही. डब्यात दोष असताना नवी आणणं म्हणजे तीच चूक पुन्हा. तीन आठवडे थांबा आणि मग पुठ्ठ्याच्या नळ्या उलगडून पाहा. लिंबासारख्या आकाराचे, तीन-चार मिलिमीटरचे पिवळसर ते तपकिरी-लाल दाणे दिसले तर ते कोष. लाल गांडुळाच्या एका कोषातून साधारण दोन-तीन पिल्लं निघतात, तीन-चार आठवड्यांत. गळ्याजवळ जाड पट्टा येऊन ती स्वतः अंडी घालायला अजून सहा ते आठ आठवडे. म्हणजे आज वाचलेल्यांची पुढची पिढी कामाला लागायला अडीच-तीन महिने जातील, तोवर खाणं आजच्या गांडुळांच्या हिशेबानेच. अर्ध्या किलोतली २०० ग्रॅम वाचली असं धरा, म्हणजे सुरुवातीला रोज ४०-५० ग्रॅम, तीन-चार दिवसांचं एकदम एका कोपऱ्यात. तीन आठवड्यांनी कोष भरपूर आणि पट्टा असलेली गांडुळं चपळ असतील तर काहीही आणू नका. मूठभरच उरली असतील आणि कोषही नसतील, तर मग पाव किलो आणा. तोवर अंथरूण रुळलेलं असेल, त्यामुळे ती पहिल्या रात्रीही बहुधा पळायची वाट शोधणार नाहीत.